एकटीचें लक्ष्मीपूजन

आपल्या मराठी भाषेनें स्त्रीला दोन घरें दिलीं आहेत. एक माहेर आणि दुसरें सासर. ह्या दोन घरांना नांवें आहेत, ओव्या आहेत, सण आहेत, आणि त्यांच्या मधल्या वाटेवर कोठें हसावें व कोठें रडावें ह्याचे संकेतहि ठरलेले आहेत. परंतु जिचें शिक्षण संपलें आहे, जिला नोकरी लागली आहे, जिचा विवाह झालेला नाहीं आणि जिच्या आईबापांचें गांव शेंकडों मैल दूर आहे, अशी तरुण स्त्री आज प्रत्येक मोठ्या शहरांत भाड्याच्या जागेंत राहते. तिच्या त्या जागेला भाषेनें अद्यापि नांव दिलेलें नाहीं. ती स्वतः तिला ‘रूम’ किंवा ‘फ्लॅट’ म्हणते. घर हा शब्द ती गांवाकडच्या घरासाठीं राखून ठेविते. वर्षांतले बहुतेक दिवस ह्या अनामिकपणानें कांहीं अडत नाहीं. अडतें तें आश्विन अमावास्येच्या संध्याकाळीं. ज्याचें त्यानें आपापल्या घरांत लक्ष्मीचें पूजन करावें, असा त्या दिवसाचा आचार आहे. आणि मग आपलें घर कोणतें, हा वर्षभर टाळलेला प्रश्न उंबरठ्यावर येऊन उभा राहतो.

असा प्रश्न पडलेली एक मुलगी माझ्या परिचयाची आहे. तिचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, संग्रामपूर तालुक्यांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं सोनाळा म्हणून गांव आहे; संत सोनाजी महाराजांच्या नांवानें तें त्या भागांत सर्वांस ठाऊक आहे. तिचे वडील तेथें थोडी कोरडवाहू शेती करतात. पेरा मुख्यतः कपाशीचा. माझा व त्यांचा जुना स्नेह. मुलगी पुण्यांत एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेंत कामाला आहे आणि एका मैत्रिणीसह चौथ्या मजल्यावरच्या लहानशा भाड्याच्या सदनिकेंत राहते. २०२४ च्या दिवाळींत मैत्रीण आपल्या गांवीं गेली. हिला मात्र एकाच दिवसाची रजा मिळाली. पुण्याहून रात्रीच्या गाडीनें शेगांव आणि तेथून एस्.टी.नें सोनाळा, असा तो प्रवास. जाण्यांत व येण्यांतच दोन दिवस जावयाचे. तेव्हां जन्मांत प्रथमच दिवाळीला ती घरीं गेली नाहीं, आणि जन्मांत प्रथमच लक्ष्मीपूजन तिनें एकटीनें केलें. त्या संध्याकाळची हकीकत तिनें मला पुढें सविस्तर सांगितली. ती ऐकत असतां माझ्या मनांत जे विचार आले, तेच येथें मांडावयाचे आहेत.

पूजा मांडण्याचा विचार तिनें आईला दूरध्वनीवर सांगितला, तेव्हां आईला आनंद होईल अशी तिची समजूत होती. आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “आपल्या घरची पूजा इथं होते ना बाई, तुह्यी बी त्याच्यातच हाय. तू तिथं येगळी कायले मांडतं?” ‘वेगळी’ ह्या शब्दांत सगळी व्यथा होती. आपल्याकडे चूल वेगळी झाली कीं देव वेगळे होतात. दोघे भाऊ विभक्त झाले, म्हणजे दुसऱ्याच वर्षीं दोन घरांत दोन लक्ष्म्या मांडल्या जातात, आणि गांव त्यावरून ओळखतें कीं आतां ह्यांचें एक राहिलें नाहीं. मुलीच्या बाबतींत हा वेगळेपणा लग्नानें यावयाचा, अक्षतांनीं व मानपानानें यावयाचा. तो असा चौथ्या मजल्यावर, कोणाला न सांगतां, एका पणतीनें यावा हें त्या माउलीला रुचलें नाहीं. मुलीनें उत्तर दिलें, “माय, वेगळी नाहीं. पण दिवाळीच्या रात्रीं ह्या खोलींत अंधार ठेवून कशी बसूं?” ह्यावर आई कांहीं बोलली नाहीं. थोड्या वेळानें तिनें विचारलें, “पणत्या आणल्या का? त्या चार-पांच घंटे पाण्यात ठेव. नाहीं त तेल पिऊन घेतात अन् खाली फरशीवर उतरते. घरमालक बोलंन.”

संमति द्यावयाची ती आईनें अशी दिली. पुढच्या सर्व सूचना ह्याच स्वरूपाच्या होत्या. कोरी पणती तेल शोषून घेते म्हणून ती आधीं पाण्यांत मुरवावी. तरीहि खालीं ताटली ठेवावी. वातीचें टोंक तेलांत भिजवून मग पेटवावें, म्हणजे ती तडतडत नाहीं. वाती तिच्याजवळ होत्या. मागल्या हंगामांतला मूठभर कापूस आईनें फराळाच्या डब्याबरोबर पाठविला होता. वडिलांच्याच शेतांतला, सरकीसुद्धां. आमच्या वऱ्हाडांत कपाशीची पहिली वेंचणी सुरू होण्यापूर्वीं शेतांत सीतादही करतात. झाडांना दहीभात दाखवितात आणि मगच कापसाला हात लावतात. तोच कापूस तिनें दिवाळीच्या आदल्या रात्रीं दिव्याखालीं बसून निवडला, सरकी बोटांनीं काढली, तळहातावर वाती वळल्या. लक्ष्मी आमच्या गांवांत कोणत्या रूपानें येते असें कोणी विचारलें, तर आश्विनांतल्या पांढऱ्या बोंडांकडे बोट दाखवावें लागेल. पुण्यांतल्या त्या खोलींत ती वातीच्या रूपानें आली होती.

वेळेचा प्रश्नहि होता. त्या वर्षीं अमावास्या दोन संध्याकाळींना शिवत होती: ३१ आक्टोबरच्या दुपारीं ती लागली आणि १ नोव्हेंबरला सूर्यास्तानंतर थोड्याच वेळांत, सव्वासहाच्या सुमारास, संपली. दोन्ही दिवशीं प्रदोषकाळाला अमावास्येचा स्पर्श असेल तर दुसरा दिवस घ्यावा, ह्या वचनाला धरून महाराष्ट्रांतल्या पंचांगांनीं शुक्रवार १ नोव्हेंबर हा दिवस दिला. उत्तरेकडे अनेक ठिकाणीं आदल्या दिवशींच पूजन झालें. मुलगी कामावरून घरीं पोंचली तेव्हां सात वाजून गेले होते. तिनें घाबरून वडिलांना विचारलें, “बाबा, अमावास्या तर गेली, आतां कशी मांडूं?” ते म्हणाले, “सूर्य बुडाल्यापासून सहा घटका प्रदोष. साडेआठाच्या आंत मांड. दिवस आजचाच धरला आहे. तुझी वेळ चुकली नाहीं.”

आतां मांडणी. सोनाळ्याच्या घरीं शिसवी पाट आहे, पितळी समया आहेत, आजीच्या हातची चांदीची लक्ष्मी आहे. येथें पाट नव्हता; तिनें धान्याचा पत्र्याचा डबा आडवा ठेवून त्यावर लाल ओढणीची घडी पसरली. तांदळाची रास घालून तिच्यावर पाण्यानें भरलेला तांब्या ठेविला; पाण्यांत सुपारी आणि एक रुपया, तोंडावर विड्याचीं पांच पानें, त्यांवर तांदळाची ताटली, आणि ताटलींत मूर्तीऐवजीं एक जुनें चांदीचें नाणें. एक सुपारी गणपतीची, एक कुबेराची. बाजूला लाह्या-बत्तासे, धने-गूळ. नवी केरसुणी तिनें रस्त्यावर बसलेल्या बाईकडून घेतली होती. शिंदीच्या पातींची, घट्ट विणलेली. तिला हळदकुंकू लावून उभी केली. सर्वांत शेंवटीं एक वही ठेविली. व्यापाऱ्याची चोपडी नव्हे. रोजचा खर्च लिहिण्याची साधी शंभर पानी वही. तिच्याविषयीं पुढें सांगेन.

ह्या ठिकाणीं पहिली शंका घेणारे घेतील: अविवाहित स्त्रीला, पुरोहितावांचून, पतीवांचून, स्वतः यजमान होऊन ही पूजा करण्याचा अधिकार आहे काय? मला ह्या शंकेंत फारसें बळ दिसत नाहीं. साकोरी येथें उपासनी महाराजांनीं कन्याकुमारी स्थान स्थापिलें आणि तेथें कुमारिकांनीं वेदमंत्र म्हणून यज्ञ केले. पुढें पुण्यांत स्त्रियांना पौरोहित्याचें शिक्षण देणाऱ्या संस्था निघाल्या, आणि आज स्त्रीपुरोहितांनीं लावलेलीं लग्नें हा नवलाचा विषय राहिलेला नाहीं. पण इतक्या अलीकडे येण्याचीहि गरज नाहीं. ह्याच रात्रीचा एक विधि जुन्या धर्मग्रंथांनीं स्पष्टपणें स्त्रियांकडे दिला आहे, त्याचा उल्लेख पुढें येईलच. खरी अडचण अधिकाराची नाहीं. ती संकल्पांत निघाली.

वडिलांनीं पूर्वीं दिलेली पूजेची एक लहानशी छापील पोथी तिच्याजवळ होती. संकल्प म्हणजे पूजेच्या आरंभीं हातांत पाणी घेऊन, मी कोण, कोठें आहें, केव्हां व कोणासाठीं हें करीत आहें, ह्याचा स्वतःशीं केलेला उच्चार. विश्वाच्या आरंभापासून सुरुवात करून तो काळ सांगत सांगत आजच्या तिथीवर येतो, आणि देश सांगत सांगत आपल्या जागेवर येतो. त्यांत एक ठिकाणीं गोदावरीचा कोणता तीर हें सांगावयाचें असतें. सोनाळा गोदावरीच्या उत्तरेस. तिचे वडील जन्मभर उत्तर तीर म्हणत आले आणि तिच्या कानांवर तेंच बसलें होतें. पुणें दक्षिणेस. पोथींत दक्षिण तीर छापला होता, तो पूर्वीं वडील खोडून वाचीत. आतां तिला छापलेलाच शब्द वाचावयाचा होता. “काका,” ती मला म्हणाली, “चार वर्षें मी पुण्यांत आहें. पण मी नदीच्या दुसऱ्या बाजूला येऊन राहिलें आहें, हें त्या क्षणापर्यंत मला कळलें नव्हतें.” मला हें फार अर्थपूर्ण वाटतें. आपण कोठें आहों हें मोठ्यानें, खोटें न बोलतां सांगणें, हा पूजेचा पहिला भाग आहे; आणि मनुष्याला तो बहुधा सर्वांत कठीण जातो.

गोत्र तिला ठाऊक नव्हतें. ज्याला गोत्र माहीत नाहीं त्यानें काश्यप म्हणावें अशी रूढि आहे. वडिलांनीं तेंच सांगितलें. त्यापुढें मात्र ती थांबली. पोथींत, कुटुंबासह व परिवारासह असलेल्या ‘आमच्या’ कल्याणासाठीं, असें बहुवचन होतें. खोलींत तर ती एकटी. ‘आमच्या’ म्हणावें तर तें खोटें होतें, ‘माझ्या’ म्हणावें तर तें जिभेवर येईना. हातांतलें पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलें, पुन्हां घ्यावें लागलें.

येथें मला ह्या प्रकरणांतला मूळ तात्त्विक प्रश्न दिसतो: एकट्या माणसानें केलेला धर्माचार कोणाचा असतो? आजचा एक पक्ष म्हणेल, तो त्याचा स्वतःचा. मनाला शांति वाटली, पुरे झालें. दुसरा पक्ष म्हणेल, आचार हा समाजाचा. एकटीनें केलेली पूजा म्हणजे रिकाम्या नाट्यगृहांतला प्रयोग. मला दोन्ही पक्ष अपुरे वाटतात, कारण दोघेहि ‘आम्ही’ हा शब्द खोलींतलीं डोकीं मोजून ठरवितात. संकल्पांतलें बहुवचन असें मोजलेलें नसतें. सोनाळ्याला वडील संकल्प सोडतात तेव्हां धाकटा मुलगा अकोल्याच्या वसतिगृहांत असेल, भाऊ सुरतेला असेल, ही मुलगी रात्रपाळीवर असेल; तरीहि ते ‘आमच्या’ म्हणतात, आणि तो शब्द कोणालाहि खोटा वाटत नाहीं. ज्यांच्या बऱ्यावाइटाचा भार आपण आपल्यावर घेतला आहे तितक्यांचा त्यांत अंतर्भाव होतो. मग तीं माणसें जवळ असोत वा नसोत.

तेव्हां ह्या मुलीला ‘आमच्या’ म्हणण्याचा हक्क होता कीं नव्हता? ह्याचें उत्तर तिच्या पुढ्यांतल्या त्या शंभर पानी वहींत होतें. तिचा पगार चोवीस हजार. त्यांतले साडेचार हजार अर्ध्या भाड्याचे. पुढें वहींत आषाढांत एक नोंद आहे: ‘बाबा, दुबार पेरणी, बियाणें, सहा हजार’. श्रावणांत: ‘धाकट्याची मेस’. भाद्रपदांत: ‘आई, डोळे तपासणी’. महिन्यामागून महिना तीच नांवें. पोथींतला शब्द तिला उच्चारवेना, पण तोच शब्द ती वर्षभर आपल्या अक्षरांत, आंकड्यांच्या शेजारीं, लिहीत आली होती. तिनें वहीकडे पाहिलें आणि संकल्प जसा छापला होता तसा म्हणून टाकला. त्याच घटकेला सोनाळ्यास तिचे वडील उत्तर तीरावर तोच शब्द उच्चारीत होते आणि त्यांच्या ‘आम्हां’मध्यें ती होती, तिच्या ‘आम्हां’मध्यें ते होते. आईला वाटलेलें वेगळेपण येथें मिटतें असें मला वाटतें. भावाभावांच्या वाटणींत जो तो आपल्या ‘आम्हां’तून दुसऱ्याला वगळतो, म्हणून ती फूट. येथें दोन्ही घरांनीं एकमेकांना मोजलें होतें. पूजा दोन झाल्या, कुटुंब एकच राहिलें.

घराचा प्रश्न मात्र इतक्यानें सुटत नाहीं. कायद्यानें पाहिलें तर ती खोली तिची नव्हेच. शहरांतल्या सदनिका बहुधा अकरा महिन्यांच्या करारानें दिल्या जातात, आणि तो करार भाडेपट्ट्याचा नसून केवळ अनुज्ञेचा असतो. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणें अनुज्ञाधारकाला त्या जागेंत कसलाहि हितसंबंध उत्पन्न होत नाहीं. जें एरवीं अतिक्रमण ठरलें असतें, तें करण्याची त्याला परवानगी असते, एवढेंच. भिंतीला खिळा ठोकावयाचा नाहीं, फरशीला डाग पडूं द्यावयाचा नाहीं, अशा अटी तिच्याहि करारांत होत्या. मग ‘माझ्या घरीं स्थिर हो’ असें लक्ष्मीला तिनें कोणत्या तोंडानें म्हणावें? ती स्वतःच अकरा महिन्यांपलीकडे स्थिर नाहीं. परंतु विचार करतां असें दिसतें कीं, लक्ष्मीला चंचला म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना मालकीचा भरंवसा कधींच नव्हता. सोनाळ्याच्या सात-बाराच्या उताऱ्यावर वडिलांचें नांव आहे. पण पाऊस दोन आठवडे लांबला किंवा गुलाबी बोंडअळी पडली, तर त्या नांवाचा काय उपयोग होतो तें कापूस पिकविणाऱ्याला विचारावें. जमिनीचा मालक पावसाच्या अनुज्ञेवर जगतो आणि त्याची मुलगी घरमालकाच्या. एक अनुज्ञा कागदावर लिहिलेली आहे, दुसरी लिहिलेली नाहीं, इतकाच भेद. ज्या जागेंत आपण निजतों, शिजवितों, आजारी पडतों आणि ज्या जागेच्या स्वच्छतेचें उत्तरदायित्व आपलें असतें, तें आपलें घर, असें मानण्यास धर्माची हरकत असेल असें मला वाटत नाहीं.

परंतु ह्या उत्तरदायित्वानेंच तिला खऱ्या पेंचांत टाकलें. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा जो विधि स्त्रियांचा म्हणून मीं वर म्हटला, तो म्हणजे अलक्ष्मीचें निःसारण. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु १७९० च्या सुमारास पूर्ण झाला. त्यांत आणि त्याहून जुन्या निबंधांत पुराणाच्या आधारें सांगितलें आहे कीं, मध्यरात्रीं लोक पेंगुळले असतां स्त्रियांनीं सूप व डिंडिम वाजवून आपापल्या अंगणांतून अलक्ष्मीला हांकून द्यावें. सोनाळ्याला हा विधि अजून होतो. मध्यरात्र उलटल्यावर आई घर झाडते, सूप बडवते, ‘इडा पिडा जाऊं दे’ म्हणते आणि सुपांतला केर अंगणाबाहेर टाकून मागें न पाहतां परत येते. मुलीनें रात्रीं बारा वाजतां उठून नव्या केरसुणीनें खोली झाडली. सुपाऐवजीं ताटली घेऊन ती हलकेच, शेजारीं ऐकूं जाणार नाहीं अशी, चमच्यानें वाजविली. दार उघडलें आणि ती थबकली. अंगण नव्हतें. समोर सामायिक बोळ, बोळाच्या पलीकडे चार पावलांवर दुसऱ्या बिऱ्हाडाचा उंबरठा, त्यावर त्यांची रांगोळी. ही अलक्ष्मी टाकावयाची कोठें?

हा विनोदाचा प्रसंग आहे आणि आम्ही दोघेंहि सांगतां-ऐकतां हंसलों. पण हंसून झाल्यावर ती म्हणाली, “काका, घरीं मला कधीं वाटलें नाहीं कीं ती जाते कोठें.” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. घरीं ती कोठें जाते? अंगणाबाहेरचा केर उकिरड्यावर जातो. तेथें त्याच्यावर शेण पडतें, राख पडतें, कपाशीच्या झाडणीचा पालापाचोळा पडतो. उन्हाळाभर तें कुजतें आणि मृगापूर्वीं बंडींत भरून शेतांत पसरलें जातें. आईनें आश्विनांत हांकलून दिलेली अलक्ष्मी ज्येष्ठांत खत होऊन मातींत मिसळते आणि पुढल्या आश्विनांत बोंड होऊन परत येते. हांकलणें आणि परत आणणें एकाच घराच्या हद्दींत घडतें. म्हणून आमच्या आयाबायांच्या सूप बडविण्यांत कोणाचें वाईट चिंतणें नव्हतें. शहरांत हें वर्तुळ तुटलें आहे. आपली लक्ष्मी आपल्या खोलींत राहते आणि आपली अलक्ष्मी दुसऱ्या कोणाच्या तरी हातांत जाते. ज्या स्त्रीच्या हातांत ती जाते, ती रोज सकाळीं आठाच्या सुमारास दार वाजविते, ओला आणि सुका केर वेगळा मागते, आणि मिसळलेला दिला तर हातानें निवडते.

केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतों आणि संध्याकाळीं तिला कुंकू लावतों. मग दुसऱ्याच्या घराचा केर जी वाहते तिला काय म्हणतों? एकत्र घरांत, फराळाच्या आणि पाहुण्यांच्या गर्दींत, हा प्रश्न कोणाच्या लक्षांत येत नाहीं. विधीला सगळीं अंगें असतात, एक अंग दुसऱ्याला झांकून घेतें. एकटीच्या पूजेंत एकेक अंग उघडें पडलें. मला तर असें वाटूं लागलें आहे कीं, परंपरा तपासून पाहावयाची असेल तर ती एकदां एकट्यानें, परक्या जागीं, अपुऱ्या सामग्रीनें पाळून पाहावी. जें केवळ गर्दीच्या आधारानें उभें होतें तें पडतें. जें खरें असतें तें डब्यावर मांडलें तरी उभें राहतें.

मुलीनें तो केर बोळांत टाकला नाहीं. पिशवींत भरून, काड्यापेटीच्या जळक्या काड्या व निर्माल्याचीं फुलें वेगळीं काढून, दाराच्या आंतच ठेविला. नैवेद्यांतल्या लाह्या-बत्तासे, घरून आलेल्या फराळांतले चार अनारसे आणि वहींत नोंद करून ठेविलेली शंभराची नोट, असा एक पुडा तिनें बांधला. मध्यरात्रीं घराबाहेर जावयाची ती अलक्ष्मी सकाळपर्यंत घरांतच राहिली. आईला हें सांगितलें तेव्हां ती प्रथम दचकली. रात्रभर पीडा घरांत ठेवावी हें शास्त्राला धरून नाहीं, असें तिचें म्हणणें. शास्त्रापुरतें तिचें म्हणणें बरोबर आहे. पण दुसऱ्याच्या दारांत लोटण्यापेक्षां ती आपल्या दारांत एक रात्र अधिक राहिली, ह्यांत विधीचा भंग झाला कीं त्याची भरपाई झाली, ह्याचा निर्णय मी वाचकांवर सोंपवितों.

सकाळीं पाडव्याला ती बाई आली. पुडा घेतला, उघडून पाहिला, अनारसा नाकाजवळ नेऊन हंसली. “सगळी इमारत गावाला गेली. तुम्ही नाही गेला घरी?” तिनें विचारलें. मुलगी म्हणाली, “घरींच आहें.” हे शब्द तोंडून गेल्यावर आपण काय बोललों तें तिच्या लक्षांत आलें.

ह्या गोष्टींतून मोठासा निष्कर्ष काढावा अशी माझी इच्छा नाहीं. एका पुड्यानें केर निवडणाऱ्या हातांचा प्रश्न सुटत नाहीं, हें ती मुलगीहि जाणते. सण संपला तरी दोन डबे वेगळे ठेवण्याचें काम ती आतां चुकवीत नाहीं, आणि रोजचें तें काम त्या पुड्याहून मोलाचें आहे. पण माहेर व सासर ह्यांच्या मध्यें जें तिसरें घर आपल्या मुली आज शहरोशहरीं उभारीत आहेत, त्याकडे पाहण्याची आपली दृष्टि थोडी बदलावी असें मला वाटतें. आपण त्याला पोरीचा मुक्काम समजतों. दोन खऱ्या घरांमधली प्रतीक्षागृहाची पायरी समजतों. त्या घरांत चूल आहे, वही आहे, कोणाच्या तरी बियाण्याची आणि कोणाच्या तरी डोळ्यांची काळजी आहे, आणि उंबरठ्याबाहेर काय लोटावें व काय लोटूं नये ह्याचा विवेकहि आहे. इतकें जेथें आहे त्याला नांव नसणें हा भाषेचा दोष आहे, घराचा नव्हे.

गेल्या वैशाखांत मी सोनाळ्याला गेलों होतों. घरांत देवळीजवळ एक जुनी पितळी समई घासूनपुसून, वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेविलेली दिसली. मीं विचारलें तेव्हां मुलीची आई म्हणाली, “पोरीसाठी काढली. डब्यावर पूजा मांडते म्हने. पाट बी करून घेतला; पन तो एस्टीत कसा न्यावा?” समईच्या शेजारीं नवा, रंधा मारलेला सागवानी पाट भिंतीला टेकून उभा होता. वडील खालीं बसून त्याची लांबी वितीनें मोजीत होते.